एएफओ ब्रेसवर बूट कसा निवडावा?

पक्षाघातानंतर किंवा पायाच्या नसेला इजा झाल्यावर पाऊल वर उचलता येत नाही. चालताना पंजा खाली लोंबतो, बोटं जमिनीला घासतात. याला फूट ड्रॉप म्हणतात. अशा वेळी पोटरीमागून खाली येऊन तळपायाखाली जाणारा, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा दिसणारा प्लास्टिकचा ब्रेस देतात. त्याचं नाव एएफओ. बरेच जण त्याला नुसतं ‘स्प्लिंट’ म्हणतात. तो कसा घालायचा, पट्टे कुठे बांधायचे हे ऑर्थोटिस्ट किंवा फिजिओथेरपिस्ट दाखवतात. घरी आल्यावर मात्र पहिलाच प्रश्न पडतो तो असा, की आता यावर बूट कोणता घालायचा? रोजचा बूट तर पायात जातच नाही.

मी जनरल प्रॅक्टिस करतो, ब्रेस बनवत नाही. पण हा प्रश्न घेऊन लोक शेवटी घरच्या डॉक्टरकडेच येतात. बहुतेक वेळा तोपर्यंत एक चुकीचा जोड विकत घेऊन झालेला असतो आणि ब्रेस कपाटात गेलेला असतो. ब्रेस टोचतो, जड वाटतो, त्यानं तोल जातो, अशा तक्रारी असतात. नीट पाहिलं तर यातल्या पुष्कळ तक्रारी ब्रेसच्या नसून बुटाच्या निघतात. एएफओ हा मुळात बुटाच्या आत राहून काम करणारा साचा आहे. बूट त्याला धरून ठेवतो, त्याच्या टाचेला आधार देतो आणि जमिनीवर पकड देतो. बूट चुकला तर चांगला ब्रेसही निकामी ठरतो.

मोठा नंबर घेतला की काम होतं का?

जवळजवळ प्रत्येक कुटुंब पहिल्यांदा हेच करतं. ब्रेसमुळे पाय जाड झाला, म्हणून एक-दोन नंबर मोठा बूट. हे का चुकतं ते एका उदाहरणानं सांगतो.

साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, उजव्या बाजूचा पक्षाघात, हातात ताकद थोडी परत आलेली, पाय मात्र लोंबणारा. मधुमेहही आहे. पूर्वी ते ८ नंबरचा बूट घालत. मुलानं ब्रेसवर चढावा म्हणून १० नंबरचे स्पोर्ट शूज आणले. बूट चढला, पण दोनच दिवसांत ते बाथरूमकडे वळताना अडखळले. नशिबानं भिंत धरली.

आता मापं पाहू. त्यांच्या उघड्या पायाची लांबी २५.४ सेंमी होती. ब्रेस आणि मोजा घालून ती २५.९ सेंमी झाली, म्हणजे वाढ फक्त ५ मिमी. ती टाचेमागच्या प्लास्टिकची आणि मोज्याची जाडी. टाचेची रुंदी मात्र ६.८ वरून ७.५ सेंमी झाली, म्हणजे ७ मिमीची वाढ, कारण तिथे प्लास्टिकची भिंत दोन्ही बाजूंनी वर येते. शिवाय तळव्याखाली ३ मिमीचं प्लास्टिक आलं, म्हणून पाय बुटात तेवढा वर उचलला गेला आणि पावलाचा वरचा उंचवटा बुटाच्या जिभेवर दाबू लागला. बोटांच्या भागात मात्र फारसा फरक नव्हता, कारण तिथे ब्रेस नुसता सपाट असतो.

थोडक्यात, ब्रेसला जागा हवी असते टाचेच्या रुंदीत आणि पावलाच्या उंचीत. लांबीत फारशी नको असते. आणि नंबर वाढवला की नेमकी लांबीच वाढते. आपल्याकडच्या मापात एक नंबर म्हणजे लांबीत साधारण साडेआठ मिमी, पण तळाच्या रुंदीत जेमतेम २ मिमी. टाचेची ७ मिमी रुंदी नंबर वाढवून मिळवायची तर साडेतीन नंबर चढावं लागेल, आणि तोवर बूट जवळजवळ तीन सेंटिमीटरनं लांब झालेला असेल.

या गृहस्थांच्या १० नंबरच्या बुटात लांबी १७ मिमी वाढली होती. त्यातले ५ मिमी ब्रेसनं घेतले, उरलेले १२ मिमी बोटांपुढे मोकळे. आधीच नेहमीची सेंटिमीटरभर जागा असते, ती धरून बोटांपुढे दोन सेंटिमीटरहून जास्त रिकामं टोक झालं. ज्या माणसाला पंजा उचलता येत नाही त्याच्या पायाला दोन सेंटिमीटरचं जास्तीचं टोक लावणं म्हणजे अडखळायची सोयच. आणि एवढं करूनही टाच मात्र घट्टच, कारण तिथे वाढले फक्त ४ मिमी.

पुढे त्यांच्यासाठी ९ नंबरचा, रुंद मापाचा, आतला सोल निघणारा, वरून दोन वेल्क्रो पट्ट्यांचा बूट घेतला. आतला सोल ५ मिमी जाडीचा होता. तो काढल्यावर ब्रेसच्या ३ मिमी प्लास्टिकला जागा देऊन वर २ मिमी उरले. बोटांपुढे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जागा राहिली. हा बूट त्यांना लागला. डाव्या, म्हणजे चांगल्या पायाला अर्थातच तो थोडा सैल होता. त्याचं काय केलं ते पुढे येईल.

म्हणून मी नंबरबद्दल असं सांगतो: अर्धा नंबर वाढवा, फार तर एक. तेवढ्यात बसत नसेल तर नंबर बदलू नका, बुटाचा प्रकार बदला. रुंद मापाचे बूट काही कंपन्या वेगळ्या खुणेनं विकतात. दुकानदाराला ‘नंबर तोच, पण रुंद माप दाखवा’ असं स्पष्ट सांगायचं. बायकांच्या बुटांत रुंद माप मिळणं कठीण जातं. त्यांनी पुरुषांच्या किंवा मुलग्यांच्या विभागातला साधा काळा किंवा करडा स्पोर्ट शू बघायला हरकत नाही. पण त्यांचे नंबर वेगळ्या मोजणीचे असू शकतात, म्हणून छापलेल्या आकड्यावर न जाता घालूनच पाहायचं.

बुटाचं तोंड किती उघडतं ते आधी पाहा

बुटात जागा आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी पाय आत गेला पाहिजे. ब्रेसमध्ये घोटा जवळजवळ काटकोनात अडकलेला असतो. आपण बूट घालताना नकळत पंजा खाली वाकवतो, बोटं आत सरकवतो आणि मग टाच दाबतो. ब्रेस घातलेल्या माणसाला ती वाकवणूक करता येत नाही. त्याचं पाऊल ताठ पाटीसारखं असतं आणि ते वरूनच आत ठेवावं लागतं. म्हणून बुटाचं तोंड पुढे, बोटांच्या दिशेनं, जितकं खोल उघडेल तितकं चांगलं.

दुकानात हे असं पाहा. लेस पूर्ण सैल करा किंवा वेल्क्रो उघडा आणि जीभ पुढे ओढा. बुटाची जीभ बोटांच्या सांध्यांपर्यंत सहज उलटली आणि आतला तळ वरून दिसला तर तोंड पुरेसं मोठं आहे. काही बुटांत जिभेच्या दोन्ही बाजू आतून शिवलेल्या असतात किंवा सगळा वरचा भाग मोज्यासारखा विणलेला असतो. असे बूट दिसायला छान आणि ताणलेही जातात, पण तोंड उघडत नाही. ब्रेससाठी ते सोडून द्या. लोफर, पंप शूज, बेली यांचा तर प्रश्नच नाही. त्यांना वरून आवळायला काही नसतं, त्यामुळे प्रत्येक पावलाला टाच बाहेर निघते. ब्रेसमध्ये घोटा वाकत नाही, म्हणून ही ओढ नेहमीपेक्षा जास्त असते. घोट्याच्या वर येणारे उंच बूटही सहसा जमत नाहीत, कारण घोट्यापाशी ब्रेस रुंद असतो.

लेस की वेल्क्रो, हे हात किती चालतो त्यावर ठरतं. पक्षाघातात त्याच बाजूचा हात बहुधा कमजोर असतो, एका हातानं लेसची गाठ मारणं होत नाही, आणि मग रोज सकाळी बूट घालायला दुसऱ्या कुणाची वाट पाहावी लागते. तेवढ्यावरून बाहेर पडणं टाळणारे लोक मी पाहिले आहेत. कडीतून जाऊन उलट फिरणारी वेल्क्रो पट्टी एका हातानं ओढून घट्ट करता येते. पट्टी पुरेशी लांब आहे ना, हे ब्रेस घालूनच बघा. नुसत्या पायावर छान चिकटणारी पट्टी ब्रेसवर अर्धीच चिकटते आणि दुपारपर्यंत सुटते. आवडता लेसचा बूट असेल तर लेसच्या जागी ताणणारी इलॅस्टिक लेस घालता येते. गाठ एकदाच मारायची, मग बूट तसाच चढतो.

घरातला एखादा चांगला बूट तोंड लहान म्हणून वाया जाणार असेल, तर हुशार मोची त्याचं तोंड पुढे वाढवून देतो. मधली शिवण बोटांच्या सांध्यांच्या मागेपर्यंत उघडायची, कडा शिवून घ्यायच्या, वर दोन वेल्क्रो पट्ट्या लावायच्या. काम अर्ध्या दिवसाचं आहे. फक्त आत शिवणीचा उंचवटा राहू देऊ नका, असं त्यांना आवर्जून सांगा.

आतला सोल निघतो का?

बुटात हात घालून टाचेकडची कड वर उचलून पाहा. सुटा सोल अख्खा हातात येतो. चिकटवलेला असेल तर थोडा उचलला जातो आणि फाटायला लागतो. चिकटवलेला सोल ओढून काढला तर खाली डिंकाचे गोळे राहतात आणि ते ब्रेसला डगमगवतात. म्हणून सुटाच हवा. सोल काढल्यावर आत बोटं फिरवा. शिवलेलं कापड किंवा सपाट पुठ्ठा लागला तर ठीक. खिळ्याचं टोक, शिवणीची गाठ किंवा खड्डा लागला तर तो बूट घेऊ नका. प्लास्टिक आत सरकत असेल तर १ मिमीचा न घसरणारा पातळ रबरी कागद तळाला टाकता येतो.

काढलेला सोल फेकू नका, तो मापासाठी फार कामाचा आहे. दुकानात जायच्या आधी घरी ब्रेस आणि मोजा घालून जाड कागदावर उभं राहा. खुर्चीची पाठ धरा आणि शेजारी कुणीतरी असू द्या, कारण ब्रेसचा तळ कागदावर सरकतो. पेन्सिल सरळ उभी धरून, जमिनीलगत, पावलाभोवती रेघ ओढा आणि आकार कापून घ्या. दुकानात बुटातला सोल काढून त्यावर हा कागद ठेवा. कागद टाचेकडे आणि मधल्या भागात सोलच्या बाहेर गेला, तर तो बूट तिथे दाबणारच. पायात चढवून बघायचीही गरज नाही. पुढच्या बाजूला कागदाच्या टोकापलीकडे सोल सेंटिमीटरभर उरला पाहिजे. ज्यांना दुकानात नेणं कठीण आहे, अशा पेशंटसाठी नातेवाईक एकटे जाऊनही एवढी निवड करू शकतात. तरी बदलून देण्याची बोली करूनच बूट आणा.

दुसऱ्या पायातला सोल मात्र तसाच ठेवायचा. बऱ्याच घरी जोड सारखा दिसावा म्हणून दोन्ही बुटांतले सोल काढतात. मग ब्रेसचा पाय प्लास्टिकच्या जाडीएवढा उंच आणि चांगला पाय खोल जातो, कंबर एका बाजूला झुकते. ब्रेसकडचा सोल काढल्यावर ४-५ मिमी गेले, प्लास्टिकचे ३ मिमी आले. हिशोब जवळपास जुळतो. कधी कधी फिजिओथेरपिस्ट मुद्दाम चांगल्या बाजूला थोडी उंची देतात, म्हणजे लोंबणारा पाय पुढे नेताना जमिनीपासून सुटतो. पण ते त्यांनी चाल पाहून ठरवायचं असतं.

चांगल्या पायाचा बूट सैल होतो, त्यालाही सोलवर सोल टाकणं हा उपाय नाही, कारण पुन्हा उंची बिघडते. त्याऐवजी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला मऊ फेल्टची पट्टी चिकटवायची. तिनं पाय मागे टाचेत दाबून राहतो आणि उंची बदलत नाही. वर सांगितलेल्या गृहस्थांना हेच केलं. फरक एका नंबरपेक्षा मोठा असेल तर दोन वेगळ्या मापांचे बूट हवेत. काही दुकानदार जोड फोडून देतात, बहुतेक देत नाहीत. तेव्हा सारख्याच मॉडेलचे दोन जोड घेण्याचा खर्च धरावा लागतो.

टाचेची उंची: गुडघा सांगतो ते ऐका

हा भाग दुकानदाराला माहीत नसतो आणि दवाखान्यातही सांगायचा राहून जातो. एएफओ बनवताना ऑर्थोटिस्ट एक ठरावीक टाच धरून त्याचा कोन ठरवतो. टाच म्हणजे बुटाचा मागचा भाग पुढच्या भागापेक्षा किती उंच आहे, तो फरक. कॅनव्हासच्या सपाट बुटात तो जवळजवळ शून्य असतो, धावण्याच्या बुटांत बहुधा ८ ते १२ मिमी. मोकळा घोटा हा फरक सहज सांभाळून घेतो. ब्रेसमध्ये घोटा जखडलेला असतो, त्यामुळे बुटातला फरक थेट गुडघ्यापर्यंत जातो.

ब्रेस ज्या टाचेवर बनवला त्यापेक्षा बुटाची टाच उंच असेल तर नडगी पुढे कलते. उभं राहिल्यावर गुडघा वाकलेला राहतो, मांडी थकते, गुडघा दुमडेल अशी भीती वाटते. टाच कमी असेल तर उलट होतं: नडगी मागे ढकलली जाते, गुडघा पाठीमागे झटका देतो, आणि काही आठवड्यांत गुडघ्याच्या मागच्या बाजूला दुखायला लागतं. अशा दुखण्याला संधिवात समजून गोळ्या घेणारे लोक असतात. नवीन बूट कधी आणला आणि दुखणं कधी सुरू झालं, या तारखा जुळवून पाहिल्या की उलगडा होतो.

म्हणून ब्रेस घेतानाच विचारा, ‘हा किती टाचेच्या बुटासाठी केला आहे?’ आणि तो आकडा फाइलवर लिहून घ्या. ब्रेस आधीच घेतला असेल तर ज्या बुटावर फिटिंग केलं तो बूट सोबत दुकानात न्या आणि नवा बूट त्याच्याशेजारी ठेवून तुलना करा. सपाट फरशीवर दोन्ही पायांवर उभं राहिल्यावर गुडघा ना पुढे ढकलला जावा, ना मागे. टाच थोडी कमी पडत असेल तर बुटात टाचेखाली पाचर बसवता येते. जास्त असेल तर तो बूट परत करणंच बरं. आणखी एक बारीक गोष्ट आहे. काही बुटांतला सुटा सोल टाचेकडे जाड आणि पुढे पातळ असतो. तो काढला की टाच तेवढी कमी होते. म्हणून ही परीक्षा सोल काढून झाल्यावर करायची.

बाहेरच्या तळव्याबद्दल थोडक्यात. टाच रुंद आणि सपाट हवी, बुटाची मागची भिंत अंगठ्यानं दाबल्यावर सहज चेपली जाऊ नये. फार मऊ, गादीसारखा सोल अंगाला बरा वाटतो पण तोल डगमगतो. पुढच्या टोकाला खोल खाचा असलेला, फार चिकट रबरी तळवा टाळा. घासणारा पंजा त्यात अडकतो. टोक किंचित वर वळलेलं असेल तर उत्तम.

घरात काय घालायचं?

आपल्या घरांत चपला-बूट दाराबाहेर राहतात. पेशंटही तेच करतो: बाहेर बूट, घरात नुसता ब्रेस. गुळगुळीत फरशीवर प्लास्टिकचा तळ बर्फासारखा घसरतो. शिवाय बुटाची टाच गेल्यामुळे गुडघा मागे ढकलला जातो ते वेगळंच. पक्षाघाताच्या पेशंटला घरात पडून खुबा मोडणं हे दुसऱ्या आजारपणासारखंच असतं, आणि त्याचा दिवसाचा बहुतेक वेळ घरातच जातो.

यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे: घरात घालायला वेगळा जोड ठेवा, जो उंबऱ्याबाहेर कधीच जात नाही. जुन्या पिढीला हे पटायला वेळ लागतो. ‘देवघरापाशी बूट?’ असा प्रश्न आजी हमखास विचारते. बाहेरची धूळ न लागलेला बूट हा पायाच्या औषधाचाच भाग आहे, असं सांगितल्यावर बहुतेक घरांत मार्ग निघतो. पूजेला बसायचं असेल तर खुर्चीवर बसून बूट आणि ब्रेस दोन्ही काढावेत. ब्रेस ठेवून फक्त बूट काढून चालू नये. दोन्ही जोडांची टाच सारखी असू द्या.

साधी चप्पल ब्रेसवर चालत नाही, ती टाचेला धरतच नाही. पावसाळ्यात बूट भिजून वाळत नाहीत तेव्हा मागे पट्टा आणि वर दोन-तीन वेल्क्रो असलेले फ्लोटर काही जणांना चालतात. तोंड पूर्ण उघडतं, पट्ट्या वाढवता येतात आणि पाणी निथळून जातं. पण आतला सोल निघत नाही, म्हणून वरची पट्टी पावलावर दाबत नाही ना ते पाहा. आणि मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर बोटं उघडी ठेवणारं काही घालू नका. ठेच लागलेली कळत नाही.

घालून पाहायची रीत आणि पहिले काही दिवस

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दुबळा पाय दिवसभर लोंबत राहून सुजतो, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. सोबत ब्रेस, रोजचा मोजा आणि लांब दांड्याचा शू-हॉर्न न्या. मोजा सुती, सुरकुती न पडणारा आणि ब्रेसच्या वरच्या कडेपेक्षा उंच हवा, म्हणजे प्लास्टिक थेट कातडीला लागत नाही.

घालताना खुर्चीवर बसा. आधी ब्रेस पायावर नीट चढवा, टाच मागे पूर्ण टेकली आहे हे पाहून पट्टे बांधा. मग बूट पूर्ण उघडून पाय वरून आत ठेवा, शू-हॉर्न ब्रेसच्या मागे लावा आणि गुडघ्यावर हातानं दाबून टाच खाली बसवा. काही जणांना ब्रेस आधी बुटात ठेवून मग पाय घालणं सोपं जातं. दोन्ही चालतं, फक्त दुसऱ्या पद्धतीत टाच अर्धवट वर राहिलेली लक्षात येत नाही. उभं राहून आठ-दहा मिनिटं चाला, वळून पाहा, एक पायरी चढा-उतरा. टाच निसटते का, बोटं घासतात का, बुटाची कड घोट्यापाशी ब्रेसला आत दाबते का, हे तीन प्रश्न.

घरी पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग बूट, ब्रेस, मोजा काढून उजेडात पाय पाहा. घोट्याची दोन्ही हाडं, टाचेची मागची बाजू, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी येणारं हाड, वरच्या पट्ट्याखालची जागा आणि बोटांची टोकं या जागा तपासा. फिकट लाली १५-२० मिनिटांत गेली तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशी दोन तास, असं वाढवत न्या. लाली त्यानंतरही राहिली, फोड आला, कातडी पांढुरकी किंवा जांभळी दिसली, तर ब्रेस घालणं थांबवा आणि ऑर्थोटिस्टकडे ब्रेस आणि बूट दोन्ही घेऊन जा. नुसता ब्रेस नेला तर चूक सापडत नाही, कारण दाब बुटामुळे असू शकतो. मधुमेह असेल तर ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका. रोज घरच्या माणसानं डोळ्यांनी पाय पाहायचा आणि घालण्याआधी बुटात हात फिरवायचा. जखम झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

महिन्याभरानं बूट उलटा करून तळवा पाहा. टोक लवकर झिजलं असेल तर पंजा अजून घासतो आहे: बूट लांब आहे किंवा ब्रेस तपासायला हवा. बाहेरची कड एकाच बाजूनं झिजली असेल तर पाऊल आत वळतं आहे. अशी झीज फिजिओथेरपिस्टला जरूर दाखवा. पोटरीला किंवा पावलाला अचानक जास्त सूज आली तर मात्र बूट सैल करून वाट पाहू नका. पक्षाघातानंतर दुबळ्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती आधी तपासायला हवी.

इतर ब्रेस

घोटा मुरगळल्यावर वापरतात तो कापडी, लेसचा किंवा पट्ट्यांचा ब्रेस एवढी जागा घेत नाही. नेहमीच्या नंबरच्या स्पोर्ट शूजचा आतला सोल काढला आणि लेस खालच्या दोन भोकांपासून सैल केली की तो बहुधा बसतो.

पोलिओ झालेल्यांच्या धातूच्या कॅलिपरची गोष्ट वेगळी आहे. जुन्या प्रकारात त्याच्या सळ्या बुटाच्या टाचेतच बसवलेल्या असतात, म्हणजे बूट हा कॅलिपरचाच भाग असतो. तो बाजारातून आणून बदलता येत नाही. त्यासाठी ऑर्थोटिक विभागातच जावं लागतं. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र ही त्यासाठी जुनी ठिकाणं आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात चौकशी करा. जाताना जुना बूट आणि कॅलिपर दोन्ही सोबत असू द्या.